लीजवर मशीन घेतलंय? खात्यात ऑपरेटिंग की फायनान्स, हे ठरवायची पद्धत आणि लागणारे कागद

छोट्या वर्कशॉपचे मालक लीजचा करार झाला की दरमहा येणारं बिल 'मशीन भाडे' खात्यात टाकून मोकळे होतात. बऱ्याच करारांत ते बरोबरही असतं. अशी निव्वळ भाड्याची लीज म्हणजे ऑपरेटिंग लीज. काही करारांत मात्र कागदावर भाडं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात मशीन हप्त्यांवर विकत घेतलेलं असतं, ती फायनान्स लीज. अशा वेळी ते मशीन आपल्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून आणि उरलेले हप्ते देणं म्हणून दिसायला हवेत. हे मार्चअखेरीस ऑडिटच्या वेळी नव्हे, करार होतानाच ठरवायचं असतं.

कोणता नियम कोणाला लागू

इंटरनेटवर लीजबद्दल शोधलं की 'राइट ऑफ यूज'ची चर्चा पुढे येते: सगळी लीज ताळेबंदात आणा, ऑपरेटिंग-फायनान्स हा भेदच संपला, वगैरे. ते इंड एएस 116 या हिशोबाच्या मानकाबद्दल आहे. हे मानक 1 एप्रिल 2019 पासून लागू झालं, पण ते शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, 250 कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्या कंपन्या आणि अशा समूहांतल्या कंपन्यांसाठी आहे. भोसरीतल्या किंवा वाळूजमधल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला लीजचं जुनं मानक एएस 19 च लागू आहे, आणि त्यात ऑपरेटिंग-फायनान्स हा भेद आजही जिवंत आहे.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल, आदल्या वर्षी उलाढाल 250 कोटींच्या आणि कर्ज 50 कोटींच्या आत असेल आणि ती मोठ्या कंपनीची उपकंपनी नसेल, तर ती 'स्मॉल अँड मीडियम साइज्ड कंपनी' ठरते. तिला एएस 19 मधल्या काही टिपा द्याव्या लागत नाहीत. सूट फक्त टिपांची आहे. लीजचं वर्गीकरण आणि नोंद करायचीच असते. भागीदारी आणि प्रोप्रायटरी फर्मलाही, आयसीएआयच्या मानकांप्रमाणे हिशोब ठेवत असल्यास, हेच वर्गीकरण लागू होतं.

आधी हे कागद एकत्र करा

मुख्य करार आणि त्याला जोडलेलं शेड्यूल दोन्ही लागतात, कारण मुदत, भाडं आणि रद्द करण्याच्या अटी बहुतेक वेळा शेड्यूलमध्येच असतात. विक्रेत्याच्या इन्व्हॉइसची किंवा कोटेशनची प्रत लीज कंपनीकडून मागून घ्या, त्यावरून बाजारभाव कळतो. मशीन ताब्यात आल्याची, चालू झाल्याची तारीख दाखवणारा इन्स्टॉलेशन रिपोर्ट हवा. डिपॉझिटची पावती हवी, कारण डिपॉझिट हे आपलं येणं आहे, भाडं नव्हे. बँकेचं एखादं अलीकडचं मंजुरीपत्रही ठेवा, आपल्याला कर्ज किती टक्क्यांनी मिळतं हे पुढे लागू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते एक पानी पत्र. मुदत संपल्यावर मशीन किती रुपयांत आपल्या नावावर होणार, हे कित्येकदा करारात नसतं. ते वेगळ्या पत्रात किंवा सेल्समनच्या ईमेलमध्ये असतं. अकाउंटंटकडे फक्त करार जातो, पत्र मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहतं, आणि फायनान्स लीज वर्षानुवर्षं भाडं म्हणून नोंदली जाते. म्हणून मालकाला सरळ विचारा, "शेवटी मशीन परत जाणार की आपल्याकडेच राहणार?" उत्तर काहीही आलं तरी त्याचा लेखी पुरावा मागा.

ठरवायचं कसं

करारावर 'ऑपरेटिंग लीज' असं छापलेलं असलं तरी त्यावरून काही ठरत नाही. मालकीचे फायदे आणि जोखीम कोणाकडे आहे, ते बघायचं. शेवटी मालकी आपल्याकडे येणार असेल, किंवा बाजारभावाहून इतक्या कमी किमतीत घेण्याचा पर्याय असेल की आपण तो घेणार हे जवळपास नक्की आहे, तर ती फायनान्स लीज. मुदत मशीनच्या आर्थिक आयुष्याचा मोठा भाग व्यापत असेल, द्यायच्या रकमांचं आजचं मूल्य जवळजवळ पूर्ण बाजारभावाइतकं होत असेल, किंवा मशीन इतकं खास असेल की मोठे बदल केल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही, तरीही फायनान्स लीजच धरली जाते. यात 75 किंवा 90 टक्क्यांची पक्की रेघ एएस 19 ने आखलेली नाही. ते आकडे अमेरिकी पद्धतीतून आले आहेत. आधार म्हणून वापरायला हरकत नाही, पण 89 टक्के आले म्हणून ऑपरेटिंग, असं म्हणता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

एका छोट्या कंपनीने 1 एप्रिलला व्हीएमसी मशीन लीजवर घेतलं असं धरू. जीएसटी वगळून इन्व्हॉइस 19,58,000 रुपयांचं. पाच वर्षं, दर वर्षाअखेरीस 5,40,000 रुपये, मध्येच करार मोडता येत नाही. शेवटी 20,000 रुपयांत मशीन आपल्या नावावर होणार, असं पत्र आहे. (प्रत्यक्षात भाडं बहुधा दरमहा आणि आगाऊ असतं. तेव्हा सूत्रात महिन्यांची संख्या आणि मासिक दर घ्यायचा, आणि आगाऊ भाड्यासाठी शेवटी 1 जोडायचा. इथे आकडे कमी राहावेत म्हणून वार्षिक घेतलं आहे.)

पाच वर्षं वापरूनही चालू स्थितीतलं व्हीएमसी 20,000 ला कोणी सोडणार नाही. म्हणजे पर्याय घेतला जाणार हे नक्की, आणि ही फायनान्स लीज झाली. आता करारात दडलेला व्याजदर एक्सेलमध्ये काढायचा:

```
=RATE(5,-540000,1958000,-20000)
=PV(12%,5,-540000,-20000)
```

पहिल्या सूत्राचं उत्तर जवळपास 12 टक्के येतं. 12 टक्के धरून दुसरं सूत्र आजचं मूल्य 19,57,928 देतं. बाजारभाव आणि आजचं मूल्य यांतली कमी रक्कम घ्यायची, म्हणजे 19,57,928. शेवटी मशीन परत जाणार असेल आणि त्याची उरलेली किंमत लीज कंपनीने किती धरली ते कळत नसेल, तर दडलेला दर काढता येत नाही. तेव्हा आपल्याला तितकंच कर्ज ज्या दराने मिळालं असतं तो दर घ्यायचा. मंजुरीपत्र त्यासाठीच ठेवलं होतं.

पहिली नोंद: 'प्लांट अँड मशिनरी – लीजवरील' नावे 19,57,928, 'फायनान्स लीज देणे' जमा 19,57,928.

वर्षाअखेरीस 5,40,000 चा हप्ता दोन भागांत फोडायचा. 19,57,928 वर 12 टक्के म्हणजे 2,34,951 व्याज, ते खर्चात जातं. उरलेले 3,05,049 देण्यातून कमी होतात, आणि देणं 16,52,879 वर येतं. पुढच्या वर्षी व्याज 1,98,345, तिसऱ्या वर्षी 1,57,347, असं ते उतरत जातं. पाचवा हप्ता भरल्यावर देणं बरोबर 20,000 उरतं. हीच तपासणीची खूण आहे: शेवटचा आकडा पर्यायाच्या रकमेशी जुळला नाही तर दर, मुदत किंवा आगाऊ-मागाहूनचा हिशोब कुठेतरी चुकला आहे. पहिल्या ताळेबंदात 16,52,879 पैकी पुढच्या वर्षी फिटणारे 3,41,655 चालू देण्यात आणि बाकीचे दीर्घ मुदतीत दाखवायचे.

घसारा वेगळा. मशीन आपल्याकडेच राहणार म्हणून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोनमधलं 15 वर्षांचं आयुष्य घेतलं. 5 टक्के अवशिष्ट मूल्य सोडून सरळ रेषेने वर्षाला 1,24,002 रुपये येतात. म्हणजे पहिल्या वर्षाचा खर्च 3,58,953 होतो. भाडं म्हणून टाकलं असतं तर 5,40,000. नफा 1,81,047 ने जास्त दिसतो, पण ताळेबंदात साडेसोळा लाखांचं देणंही दिसतं. बँकेत कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला जाताना कर्ज-भांडवल गुणोत्तर बदललेलं असेल, हे मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पर्यायाचं पत्र नसतं, मशीन परतच जाणार असतं, तरीही नुसत्या भाड्याचं आजचं मूल्य 19,46,579 येतं. ते बाजारभावाच्या 99 टक्क्यांहून जास्त, म्हणून फायनान्स लीजच. फरक घसाऱ्यात पडतो. तो 15 ऐवजी 5 वर्षांत काढावा लागतो, आणि पहिल्या वर्षाचा खर्च 6,22,905 होतो. त्या एका पत्रावरून पहिल्या वर्षाच्या नफ्यात अडीच लाखांहून जास्त फरक पडतो.

खरीखुरी ऑपरेटिंग लीज

त्याच शेडमधली फोर्कलिफ्ट घ्या. किंमत 12 लाख, तीन वर्षांची लीज, मग परत. भाडं पहिल्या वर्षी 2,40,000, नंतर 2,64,000 आणि 2,88,000. 12 टक्क्यांनी आजचं मूल्य 6.30 लाखांच्या आसपास, म्हणजे किमतीच्या निम्म्याहून थोडं जास्त. ही ऑपरेटिंग लीज. मशीन ताळेबंदात येत नाही, पण बिलाप्रमाणे खर्च टाकणं इथेही चुकतं. भाडं तिन्ही वर्षांत समान वाटायचं असतं, वर्षाला 2,64,000. पहिल्या वर्षी बिल 2,40,000 चं असलं तरी 24,000 ची तरतूद करायची. तिसऱ्या वर्षी ती उलटते. पहिले दोन महिने भाडं माफ असलं तरी हाच नियम.

आयकर आणि जीएसटी

आयकरात हे वर्गीकरण चालत नाही. एएस 19 मुळे घसाऱ्याच्या हक्कात बदल होत नाही, असं सीबीडीटीने 2001 च्या परिपत्रक क्रमांक 2 मध्ये म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये आयसीडीएस या कंपनीच्या प्रकरणात घसारा लीज कंपनीला दिला. म्हणून आपण विवरणपत्रात घसारा आणि व्याज नफ्यात परत जोडून पूर्ण 5,40,000 भाडं वजा मागतो. पुस्तकी नफा जास्त आणि करपात्र नफा कमी असल्याने डिफर्ड टॅक्सचं, म्हणजे पुढे भरायच्या कराचं, देणं उभं राहतं. 25.168 टक्के दराने पहिल्या वर्षी ते सुमारे 45,600 रुपये. मात्र ठरलेले सगळे हप्ते भरले की मालकी आपोआप येते, असं करारातच असेल तर तो हायर पर्चेस समजला जाऊ शकतो आणि कराचा हिशोब बदलतो. तो करार सीएला दाखवूनच सही करा.

जीएसटी आजच्या मूल्याच्या हिशोबात धरायचा नाही. दर हप्त्यावर 18 टक्क्यांनी 97,200 येतो, त्याचं क्रेडिट बिलाप्रमाणे घ्यायचं. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारा मागता येत नाही. महिन्याचं भाडं 50,000 च्या वर असेल तर 2 टक्के टीडीएस कापायचा, जीएसटी वगळून. खात्यात त्यातला काही भाग व्याज म्हणून टाकला तरी कापणी पूर्ण भाड्यावर आणि भाडं म्हणूनच.

मुदत संपल्यावर

20,000 आणि त्यावरचा जीएसटी भरून मशीनचं बिल आपल्या नावावर घ्या. लीजचं देणं शून्य होतं. पुस्तकात तेव्हा मशीनची किंमत 13,37,918 उरलेली असते. ती 'लीजवरील'मधून स्वतःच्या मशिनरीत वळवायची आणि घसारा पूर्वीसारखाच चालू ठेवायचा. आयकराच्या ब्लॉकमध्ये मात्र फक्त 20,000 जातात, आणि साठलेला डिफर्ड टॅक्स पुढच्या दहा वर्षांत उलटत जातो.