लिफ्टमनच्या डोक्यातून रिलेमध्ये, रिलेमधून बिटमध्ये

चार थांब्यांची लिफ्ट चालवणारा कंट्रोलर हा प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रकल्प. त्यात जे तर्क मुलं आज प्रोग्रॅममध्ये लिहितात, ते पूर्वी लिफ्टमन डोक्यात ठेवत असे. मजल्यावरचं बटण दाबलं की लिफ्टमधल्या फलकावर त्या मजल्याची खूण दिसायची, आणि वर जाताना कुणाला घ्यायचं, कुणाला येताना, हे तो ठरवायचा.

19व्या शतकाच्या अखेरीस बटणावर चालणारी, माणसाविना लिफ्ट आली, पण तिला एका वेळी एकच बोलावणं कळे. ती धावत असताना दुसऱ्याने दाबलेलं बटण वायाच जाई. पुढे कॉलची नोंद रिलेकडे, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचकडे, आली. बटण क्षणभर दाबलं की रिले ओढला जातो आणि त्याचाच एक कॉन्टॅक्ट त्याला धरून ठेवतो. लिफ्ट त्या मजल्यावर थांबली की ती पकड सुटते. 1920च्या दशकापासून वर आणि खाली जाणाऱ्यांचे कॉल वेगळे धरून वाटेतल्यांना गोळा करत जाणारी पद्धत रुळली.

मायक्रोकंट्रोलरमध्ये त्या रिलेच्या जागी एक बिट आहे. तळमजला 0 धरला, तर सर्वात वरचा मजला 3. आतली चार बटणं, वर जाण्याची तीन, खाली येण्याची तीन, असे एकूण दहा कॉल. आतले `car` मध्ये, बाहेरचे `up` आणि `down` मध्ये, आणि `above` म्हणजे वरच्या मजल्यांवर उरलेले कॉल.

```c
up |= up_pressed;
all = car | up | down;
above = all >> (floor + 1);
```

समजा लिफ्ट 1 वरून वर निघाली आहे. आतून 3 दाबलंय, 2 वर कुणी ‘खाली’ दाबलंय, 0 वर ‘वर’. लिफ्ट 2 वर न थांबता 3 गाठते. आता `above` शून्य झालं, म्हणून दिशा उलटते. येताना ती 2 वर थांबते आणि शेवटी 0 वर येते. जवळचा कॉल आधी, असा सोपा नियम लावला तर मधल्या मजल्यांवर वर्दळ असेपर्यंत तळमजल्यावरचा माणूस ताटकळतो.

सर्वात जास्त चुका पुढच्या प्रसंगी होतात. लिफ्ट 0 वर आहे आणि एकच कॉल आहे, 2 वरचा ‘खाली’. ती वर निघते, पण वर जाताना फक्त ‘वर’चेच कॉल पाहायचे असं लिहिलं असेल, तर ती 2 ओलांडून जाते. वर काहीच उरलं नसेल तर उलट दिशेच्या कॉललाही थांबायला हवं, आणि दार उघडतानाच दिशा ‘खाली’ करायला हवी. दिशा मोकळी सोडली आणि तेवढ्यात 3 वरच्याने बटण दाबलं, तर खाली जायला आत शिरलेला माणूस वर जातो.

कॉल पुसतानाही तीच काळजी घ्यावी लागते. 2 वर दोन्ही बटणं दाबलेली असतील, तर खाली येताना फक्त `down` चा बिट पुसायचा. दोन्ही पुसले तर वर जाणाऱ्याचा दिवा विझतो आणि लिफ्ट त्याच्यासाठी परत येत नाही.