गाडगेबाबा की गाडगेबाबांचं सोंग? फोटो ते का सांगू शकत नाही

परभणीकडच्या एका गावात आम्ही वाचनालयासाठी जुने फोटो गोळा करत होतो. एका घरातून पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो मिळाला. दाढीवाला माणूस, अंगावर ठिगळांचं वस्त्र, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. मागे निळ्या शाईत दोनच शब्द: ‘गाडगेबाबा, जत्रा’. घरातले आजोबा म्हणाले, “बाबा आपल्या गावात आले व्हते, तवाचाच हाय ह्यो. माझ्या बापानं जपला.” फोटो पाहिलेल्या प्रत्येकाने क्षणात ‘बाबाच’ म्हटलं. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं.

गाडगेबाबांना आपण कशावरून ओळखतो? गाडगं, खराटा, चिंध्यांचा वेश, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. यातलं एकही चिन्ह शरीराचं नाही, सगळी अंगावर चढवता येतात. दाढीसुद्धा. म्हणजे ज्या खुणांवरून आपण बाबांना ओळखतो, नेमक्या त्याच खुणा बहुरूपी पहाटे पेटीतून काढून अंगावर चढवतो. मराठवाड्यात रायरंद म्हणजे बहुरूपी दारोदार येत, जत्रांमध्ये सोंगं निघत. शिवाय २०००-०१ पासून बाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून शाळाशाळांत आणि मिरवणुकांत हा वेश घेणारे किती असतील याची गणतीच नाही.

म्हणून असा फोटो पाहताना ‘हा बाबांसारखा किती दिसतो?’ या प्रश्नाचा उपयोग नाही. विचारायचं ते असं: हे सोंग असतं, तर फोटो वेगळा दिसला असता का? उत्तर ‘नाही’ आलं की साम्य कितीही असो, ते दोन्ही शक्यतांना सारखंच लागू पडतं. बाबा असते तरी असाच फोटो आला असता, सोंगाड्या असता तरी असाच. चांगलं सोंग तर कधीकधी मूळ माणसापेक्षाही ‘जास्त तसं’ दिसतं, कारण सोंग घेणारा ओळखीच्या सगळ्या खुणा एकाच वेळी दाखवतो. खरा माणूस एखाद्या दिवशी गाडगं बाजूला ठेवून बसलेला असू शकतो.

रंगभूषा चेहऱ्यावर काय करते ते जवळून पाहिलं की हे आणखी पटतं. क्रेपचे केस डिंकासारख्या स्पिरिट गमने हनुवटीवर चिकटवले की जबड्याचा आकार झाकला जातो, आणि जबडा ही चेहऱ्याची मोठी खूण आहे. गालाखाली गडद छटा दिली की गाल बसलेला दिसतो, नाकाच्या दोन्ही बाजूंना ती दिली की नाक बारीक दिसतं. कपाळावर पेन्सिलीने ओढलेल्या रेषा दहा फुटांवरून सुरकुत्याच वाटतात. कॅमेऱ्यापर्यंत फक्त प्रकाश आणि सावली पोचते. सावली हाडामुळे पडली की रंगामुळे, हे त्या सपाट चित्रात नोंदलेलंच नसतं. समोर उभ्या माणसाभोवती आपण फिरतो, तो मान वळवतो आणि काढलेली सावली जागची हलत नाही हे लक्षात येतं. एका फोटोत मान वळत नाही.

मग रंगाच्या आवाक्याबाहेरच्या जागा शोधायच्या. कानाच्या पाळीचा आकार, हातांची ठेवण, जुने व्रण, दाढी जिथून उगवते ती कड. खऱ्या दाढीचे केस गालावर विरळ होत जातात, चिकटवलेल्या दाढीची कड एकदम सुरू होते. आमच्या फोटोतली कड बहिर्गोल भिंगाखाली जरा ठळकच वाटली. पण एवढ्या लहान प्रतीत केसाएवढा तपशील कागदाच्या दाण्यातच विरून जातो. कान गाडग्याच्या सावलीत होते. हात खराट्यावर हलल्यामुळे पुसट आले होते. चेहरा म्हाताऱ्याचा आणि मनगट तरण्या माणसाचं, अशी विसंगती सोंगात अनेकदा सापडते, पण ती दिसेल एवढं स्पष्ट मनगटच आमच्याकडे नव्हतं.

इथे एक फरक आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशा खुणांवरून ‘हा तो नाही’ असं काही वेळा ठामपणे म्हणता येतं. खात्रीच्या फोटोतली कानाची पाळी सुटी असेल, आणि इथे तितक्याच स्पष्टपणे, त्याच कोनातून गालाला चिकटलेली दिसत असेल, तर विषय मिटला. पाळ्या जुळल्या म्हणून मात्र ‘हा तोच’ ठरत नाही, कारण तशी पाळी असलेले लोक असंख्य असतात. आणि ज्याला सोंगासाठी निवडलं जातं, त्याची मुळातली चेहरेपट्टीच बरीचशी मिळतीजुळती असते.

शरीराची खूणसुद्धा कधीकधी तयार केली जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी दुसरीकडेच आहेत असं जर्मन हेरांना वाटावं म्हणून क्लिफ्टन जेम्स नावाच्या नटाला त्यांच्या वेशात जिब्राल्टर आणि अल्जियर्सला पाठवलं होतं. जेम्सचं मधलं बोट पहिल्या महायुद्धात गेलेलं होतं, म्हणून त्याला कृत्रिम बोट बसवलं. ज्या एका खुणेवरून तो पकडला गेला असता, तीच आधी झाकली. आणि मेकअप नसतानाही माणूस किती चुकतो पाहा: ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांना समोरचा माणूस आणि फोटो जुळवायला दिले, तर दुसऱ्याच माणसाचे १४ टक्के फोटो त्यांनी ‘हाच तो’ म्हणून मान्य केले. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यासमोर तर जिवंत माणूस उभा होता. आमच्याकडे होता तो कागदाचा तुकडा.

आता कागदाकडे वळलो. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. प्लास्टिकचा थर दिलेला फोटोचा कागद त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, तसा कागद असता तर प्रत नंतरची हे कळलं असतं. तरी जुन्या निगेटिव्हवरून नवी प्रत काढता येतेच. आमचा कागद साधा, जुन्या पद्धतीचा होता, त्यामुळे तिथूनही काही कळलं नाही.

मागच्या अक्षरांनी मात्र मला विचारात पाडलं. नाटकाच्या फोटोमागे आपण नटाचं नाव लिहितो का? ‘संभाजी’ लिहितो, ‘तुकाराम’ लिहितो. भूमिकेचं नाव लिहिणं ही साधी सवय आहे. तेव्हा ‘गाडगेबाबा, जत्रा’ लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नसेल, आणि बाबा आले होते असंही त्याला म्हणायचं नसेल.

पुढे त्याच घरातल्या ट्रंकेत दुसरा फोटो निघाला. मारुतीचं सोंग, शेपटीसकट, आणि मागे पहिल्या फोटोतलाच पट्ट्यांचा पडदा, उजव्या कोपऱ्यात तशीच फाटलेली जागा. पडदा एक म्हणजे माणूस एक, असं होत नाही. त्या पडद्यापुढे सोंगं उभी राहत होती, एवढंच त्यातून कळतं. पण पहिल्या फोटोतल्या चेहऱ्याने जे सांगितलं नव्हतं, ते या फाटक्या कोपऱ्याने थोडंफार सांगितलं. निर्णय करायचाच, तर त्याच रोलच्या इतर निगेटिव्ह, फोटोग्राफरची वही किंवा बाबांच्या त्या दिवसाच्या प्रवासाची वेगळी नोंद लागेल. चेहरा आणखी मोठा करून पाहण्याने काही हाती येणार नाही.

आजोबांना हे सांगायला मी दोनदा गेलो. ते म्हणाले, “लेका, मग काय लिव्हणार तू खाली?” मी लिहून नेलेली चिठ्ठी दाखवली: ‘गाडगेबाबांच्या वेशातील व्यक्ती. गावची जत्रा. साल माहीत नाही. मागील मजकूर: गाडगेबाबा, जत्रा.’ त्यांनी ती वाचून घेतली आणि मागच्या निळ्या अक्षरांचाही फोटो शेजारी लावायला सांगितलं. वाचनालयात आता दोन्ही एकाच चौकटीत आहेत.