सायनसचे सुजलेले अस्तर आणि तुंबलेला निचरामार्ग (सीटी स्कॅनवरील निदान)

नाक महिनोन्‌महिने चोंदलेले असणाऱ्या रुग्णाच्या सीटी पीएनएस, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील सायनस या हवेच्या पोकळ्यांच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘म्युकोसल थिकनिंग’ आणि ‘ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स ब्लॉक्ड’ हे दोन शेरे बरेचदा सोबत येतात. पहिला शेरा सायनसच्या आतील अस्तर सुजल्याचे सांगतो, दुसरा त्यातील स्राव बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याचे. रुग्ण पहिल्याने घाबरतो. खरे लक्ष दुसऱ्याकडे द्यायला हवे.

गालाच्या हाडातील मॅक्सिलरी सायनसचे तोंड तळाशी नसून आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला असते. त्यामुळे उभ्या माणसात स्राव आपोआप वाहून जात नाही. अस्तरावरची सूक्ष्म लव तो चढणीने वर ढकलत तोंडापर्यंत नेते. तिथून एका अरुंद फटीतून तो नाकाच्या मधल्या कप्प्यात उतरतो. कपाळाचा सायनस आणि डोळ्यांमधील पुढच्या एथमॉइड पेशी, म्हणजे हाडातील हवेच्या छोट्या पोकळ्या, याही याच परिसरात रिकाम्या होतात. ही वाट जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. म्हणून तिथली थोडी सूजही मागचे सगळे तुंबवते: स्राव साचतो, आतला प्राणवायू कमी होतो, लव मंदावते आणि अस्तर आणखी फुगते.

सीटीवर हवा काळी, हाड पांढरे आणि सुजलेले अस्तर करडे दिसते. निरोगी अस्तर इतके पातळ असते की ते जवळपास दिसतच नाही. निचऱ्याची वाट समोरून घेतलेल्या उभ्या छेदांत, म्हणजे कोरोनल छेदांत, सर्वांत नीट उलगडते.

समजा, उजव्या गालाच्या सायनसमध्ये 6 मिमी जाडीचा करडा थर आहे, त्याच बाजूच्या पुढच्या एथमॉइड पेशी अर्धवट भरल्या आहेत आणि फट पूर्ण बुजली आहे. डावीकडे 2 मिमीचा थर आहे, पण वाट मोकळी आहे. लंड-मॅके गुणपद्धतीत अर्धवट भरलेल्या सायनसला 1, पूर्ण भरलेल्याला 2 आणि बंद वाटेला थेट 2 गुण मिळतात. म्हणून उजवीकडे 1+1+2, डावीकडे 1, एकूण 24 पैकी 5. डावीकडचा थर गुण मिळवतो खरा, पण तेवढी जाडी कसलीही तक्रार नसलेल्या माणसातही आढळते. गुण आणि त्रास यांचा मेळ नेहमी बसत नाही.

साध्या सर्दीतही हेच चित्र उमटते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुकती सर्दी झालेल्या 31 जणांपैकी बहुतेकांच्या सायनसमध्ये बदल दिसले, आणि पुन्हा स्कॅन केलेल्यांपैकी बहुतेकांत ते प्रतिजैविकांशिवाय दोन आठवड्यांत निवळले किंवा बरेच ओसरले. म्हणून जुन्या सायनुसायटिससाठी 12 आठवड्यांची लक्षणे धरतात, आणि तातडी नसेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणे व स्टिरॉइड फवारा काही आठवडे वापरून मगच स्कॅन काढतात. तरीही वाट बंदच राहिली आणि त्रास टिकला, तर दुर्बिणीने ती रुंद करण्याचा विचार होतो. त्यात फटीसमोरचा हाडाचा पातळ पडदा काढतात, सुजलेले अस्तर शक्यतो राखतात.

एकाच बाजूचा सायनस भरलेला असेल तर मात्र वरच्या दाढांची मुळे तपासावीत. करड्या भागात पांढुरके ठिपके असतील तर बुरशीची, हाड झिजलेले असेल तर गाठीची शंका घेऊन पुढची तपासणी करतात.