एमपीडीएखाली स्थानबद्ध केल्यास पहिला अर्ज कुणाकडे आणि कधी करायचा

घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं की आपण वकील गाठतो आणि जामिनाची तयारी करतो. गुन्ह्यातल्या अटकेत तेच बरोबर आहे. तिथे आरोपीला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. स्थानबद्धता मात्र घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते. हा माणूस पुढे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवेल, या अंदाजावर त्याला खटल्याशिवाय जास्तीत जास्त 12 महिने तुरुंगात ठेवता येतं. इथे जामीन नाही, म्हणून सगळा भर आदेश मागे घ्या असं सांगणाऱ्या अर्जावर.

महाराष्ट्रात यासाठी मुख्यतः 1981 चा एमपीडीए कायदा वापरतात. हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार, वाळू तस्कर, 'धोकादायक व्यक्ती' अशांना तो लागतो. सातारा जिल्ह्यात पोलिसांच्या प्रस्तावावर आदेश जिल्हाधिकारी काढतात.

समजा, कराडच्या एकावर 1 जूनला आदेश निघाला आणि 3 जूनला त्याला स्थानबद्ध केलं. 8 जूनपर्यंत त्याला कारणं, ती ज्यांवर आधारली त्या कागदांसह, त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. आदेश काढल्यापासून 12 दिवसांत सरकारने मंजुरी दिली नाही, तर तो संपतो. मंजुरी मिळेपर्यंत स्वतः जिल्हाधिकारीही आदेश मागे घेऊ शकतात, म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडेच करायचा. त्यांच्याकडे अर्ज करण्याचा हक्क आहे, असं त्या कागदांत लिहिलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर आदेश टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली संतोष आचार्य प्रकरणात सांगितलं. कागद हाती आले की सगळ्यात आधी ते वाक्य शोधा.

अर्ज साध्या कागदावर, स्थानबद्ध व्यक्तीच्या सहीने किंवा अंगठ्याने, तुरुंग अधीक्षकांमार्फत द्यावा. प्रती तीन कराव्यात: जिल्हाधिकारी, राज्य शासन (गृह विभाग) आणि स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणारं सल्लागार मंडळ. पोच घ्या, तारखेसह. अर्जावर निर्णय देताना सरकारने कारण नसताना वेळ काढला, तर तोही पुढे मुद्दा होतो. सोबत आदेशाची, कारणांची आणि जुन्या गुन्ह्यांतल्या जामीन आदेशांची प्रत जोडा. नुसतं 'मी निर्दोष आहे' लिहून भागत नाही. शेवटच्या गुन्ह्यानंतर आदेशाला किती महिने लागले, जामिनाचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवला होता का, मिळालेल्या कागदांची पानं वाचता येतात का, भांडण दोघांतलं होतं की त्याने अख्ख्या वस्तीचं जगणं विस्कळीत झालं, हे तारखांसकट मांडा. गोपनीय साक्षीदारांची नावं मिळणार नाहीत, ती मागण्यात दिवस घालवू नका.

आपल्या उदाहरणात 24 जूनपर्यंत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जाईल आणि 22 जुलैपर्यंत मंडळाचा अहवाल येईल. तिथे वकील उभा करण्याचा हक्क नाही, पण स्वतः म्हणणं मांडण्याची मागणी करता येते. ती अर्जातच लिहा. पुरेसं कारण नाही असं मंडळाने म्हटलं, तर सुटका करावीच लागते.

दरम्यान उच्च न्यायालयात दाद मागता येते. सातारा-सांगलीकरांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. वकिलाची ऐपत नसली, तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.