गरोदरपणातील पडणे, पोटाला मार व किरकोळ अपघात

पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलावरून पाय घसरणे, गोठ्यात गाईची ढुशी लागणे, मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसून जाताना गाडी घसरणे, असे प्रसंग विदर्भातल्या खेड्यांत गरोदर बाईवर येतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कटीच्या हाडांत झाकलेले असल्याने साध्या पडण्याने गर्भाला सहसा इजा होत नाही. तरी रक्तस्राव किंवा पोटदुखी सुरू झाली तर तपासणी हवीच. पाचव्या महिन्यापासून मात्र गर्भाशय बेंबीपर्यंत येते आणि मार थेट त्याला बसू शकतो.

यातला मुख्य धोका वार, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून बाळाला प्राणवायू पुरवणारा अवयव, सुटण्याचा. गर्भाशयाची भिंत लवचीक असते, वार तितकी ताणत नाही. धक्क्याने भिंत क्षणभर वाकली की वारेचा काही भाग तिच्यापासून सुटतो, मधे रक्त साचते आणि बाळाचा प्राणवायू कमी होतो. हे रक्त बाहेर दिसेलच असे नाही. शिवाय गरोदरपणात अंगातले रक्त वाढलेले असते, त्यामुळे बरेच रक्त गेले तरी नाडी व रक्तदाब सुरुवातीला ठीक दिसू शकतात.

समजा, सातव्या महिन्यातली बाई दुपारी गाडीवरून पडली. कोपर खरचटले, बाकी काही नाही. घरी हळदीचे दूध झाले. संध्याकाळी पोट लाकडासारखे कडक झाले, कळ थांबेना, बाळाची हालचाल मंदावली. जखमेवरून अपघात किरकोळ ठरवला, तिथेच चूक झाली. पोट चोळल्याने हा कडकपणा जात नाही, वेळ मात्र जातो.

म्हणून पाचव्या महिन्यानंतर पोटावर पडणे, पोटाला मार किंवा वाहनाचा अपघात झाल्यास त्रास नसला तरी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठावा. अंगावरून थोडेही रक्त किंवा पाणी जाणे, पोट दुखणे वा कडक होणे, कळा, बाळाची हालचाल कमी होणे, चक्कर, यांपैकी काहीही असल्यास १०८ ला फोन करून लगेच निघावे. वाटेत डाव्या कुशीवर झोपवावे. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ठोके एकदा ऐकून ‘ठीक आहे’ म्हटले, तेवढ्याने भागत नाही. बाळ जगण्याजोग्या महिन्यांचे असेल, तर ठोके आणि कळा यंत्रावर किमान ४ तास सलग पाहतात. कळा, रक्तस्राव किंवा ठोक्यांत बिघाड दिसल्यास ही देखरेख साधारण २४ तासांपर्यंत वाढते. सोनोग्राफी चांगली आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण ताजे साचलेले रक्त तिच्यात वारेसारखेच दिसते आणि नजरेतून सुटते.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन लागू शकते. ते ७२ तासांच्या आत द्यायचे असल्याने माता-बालक कार्ड सोबत न्यावे. त्यावर रक्तगट लिहिलेला असतो.