पैठणी, सेमी पैठणी आणि इन्स्टाग्रामवरचा विणकर

सातवाहन, पेशवे वगैरे सगळ्यांना माहीतच आहे, ते सोडून देऊ. येवल्यातल्या आजच्या विणकर पोराला त्या इतिहासापेक्षा गेल्या तीसेक वर्षांनी जास्त घडवलंय. टीव्हीवरच्या खेळात वहिनींना पैठणी मिळायला लागली, घराघरात मागणी वाढली, आणि ती मागणी सगळी हातमागाला पुरी करता येणं शक्यच नव्हतं, म्हणून पॉवरलूमचा माल आत शिरला.

त्याचं नाव 'सेमी पैठणी'. हा शब्द आला कुठून कोण जाणे, पण गोंधळ सगळा त्यातच आहे. सेमी म्हणजे अर्धी हाताची का? नाही, बहुतेक वेळा पूर्ण मशीनची. 1985 चा हातमाग आरक्षण कायदा होता, मग पैठणीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं, येवला-पैठणचं नाव कागदावर सुरक्षित झालं, पण दुकानदार 'सेमी' लावून मोकळा. गिऱ्हाईक फसलं हे सिद्ध करत कोर्टात जायला कुठल्या विणकराला वेळ आहे? माझ्या मते तेव्हाच या शब्दावर भांडायला हवं होतं.

ओळखायचं सोपं आहे, पदर उलटा करा. हाताच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, शेजारचे धागे एकमेकांत अडकवून मोर भरतात, त्यामुळे मागूनही मोर तसाच दिसतो. मशीनच्या पदराला मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. काठावर मात्र निकाल लावू नका, नक्षीचे धागे आपोआप उचलणारं जॅकार्ड लावलेले हातमाग येवल्यातही आहेत.

आता कमाई. आधी व्यापारी रेशीम-जर द्यायचा, विणकर मजुरी घ्यायचा, आजही बरेच जण तसंच करतात. मोबाईल आल्यावर पोरं थेट विकायला लागली. समजा साधी पैठणी दहा दिवसांची, माल सहा हजारांचा, विकली पंधराला, म्हणजे नऊ हजार हातात, व्यापाऱ्याच्या मजुरीपेक्षा बरेच. पण एका ताण्यावर, म्हणजे मागावर एकदा चढवलेल्या उभ्या धाग्यांवर, चारेक साड्या निघतात, म्हणजे चाळीस दिवस आणि चोवीस हजार अडकलेले, आणि ते सुटणार साड्या खपल्या तरच. शिवाय ताण्याचा रंग एकदा लागला की लागला, व्हॉट्सॲपवर ताई म्हणाल्या "हाच मोर, पण अंग राणी कलरमध्ये" तर जास्तीत जास्त बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलून दुरंगी झाक असलेली धूपछाव देता येते, नाहीतर पुढच्या ताण्यापर्यंत थांबा. रीलला लाखभर व्ह्यू आले तरी माग महिन्याला तीनच साड्या देणार.

म्हणून जी पोरं टिकलीत ती दोन्ही करतात, एक माग व्यापाऱ्याच्या मजुरीवर, त्यावर घरखर्च, आणि दुसरा स्वतःच्या ऑर्डरवर, अर्धे पैसे ॲडव्हान्स घेऊन. आणि फोटो टाकताना पदराची उलटी बाजू आधी टाकतात.