एका मेसेजिंग अ‍ॅपमधील जुना संवाद दुसऱ्यात का जात नाही?

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता धोरणावरून वाद पेटला आणि असंख्य लोक टेलिग्राम व सिग्नलकडे वळले, तेव्हा प्रत्येकाला पडलेला पहिला प्रश्न जुन्या गप्पांचा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस टेलिग्रामने व्हॉट्सअ‍ॅपमधील संवाद आयात करण्याची सोय दिली. मात्र ती सोय मुळात एका आडवळणाच्या रस्त्याची होती.

सरळ रस्ता नसण्याचे कारण साठवणुकीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश फोनवरच्या एका डेटाबेसमध्ये राहतात आणि त्याच्या बॅकअपचे कुलूप उघडणारी किल्ली दुसऱ्या अ‍ॅपला मिळत नाही. एप्रिल 2016 पासून संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड झाल्यामुळे कंपनीच्या सर्व्हरवरूनही वाचता येईल असा इतिहास उचलून देता येत नाही. टेलिग्रामचे नेहमीचे संवाद याउलट क्लाउडवर असतात. शिवाय संदेश क्रमांक, उत्तराचा दुवा, प्रतिक्रिया, गटातील सदस्यत्व यांची मांडणी प्रत्येकाची निराळी, आणि ती जुळवणारे सर्वमान्य मानक नाही.

म्हणून उरतो तो मजकुराच्या फाइलचा मार्ग. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गप्पा उघडून ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडले की अशा ओळी मिळतात:

```
03/04/2021, 21:45 - Aai: <Media omitted>
```

या एका ओळीतच अडचणी दिसतात. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे फोनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर ठरते. ‘Aai’ हे वापरकर्त्याने स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेले नाव आहे, त्यामुळे ती व्यक्ती नव्या अ‍ॅपवर कोण, हे या ओळीवरून कळत नाही. फोटो न घेता निर्यात केल्यास त्याच्या जागी फक्त ही खूण राहते, आणि कोणत्या संदेशाला उत्तर दिले होते तो धागा तुटतो.

टेलिग्रामने हीच फाइल स्वीकारण्याची व्यवस्था केली: फोनच्या शेअर मेनूतून टेलिग्राम निवडायचे आणि मग योग्य संवाद. खाजगी गप्पांसाठी दोघांचेही क्रमांक एकमेकांकडे जतन हवेत, गटासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार. आयात केलेले संदेश आयातीच्या दिवशीच्या नोंदीत येतात, मूळ वेळ सोबत दिसते. एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: ते समोरच्यालाही दिसतात, तेव्हा आधी विचारून घेणे बरे. प्रत्येक संवादासाठी हे वेगळे करावे लागते, हेही कंटाळवाणेच.

सिग्नलमध्ये अशी आयात नाही, आणि टेलिग्रामकडून व्हॉट्सअ‍ॅपकडे परतीचा मार्गही नाही. टेलिग्रामच्या डेस्कटॉप आवृत्तीतून एचटीएमएल किंवा प्रोग्रॅमला वाचायला सोप्या जेसन स्वरूपात निर्यात होते. एचटीएमएल ब्राउझरमध्ये वाचता व शोधता येते. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टनेही मोठ्या अ‍ॅपना इतरांशी संदेशांची देवाणघेवाण करायला भाग पाडले, पण ती पुढच्या संदेशांची, मागच्यांची नव्हे. त्यामुळे महत्त्वाचे संवाद फोटोंसह निर्यात करून, झिप फाइल उघडून चार-दोन फोटो तपासून, मगच जुने अ‍ॅप काढणे हा सध्या सर्वांत भरवशाचा पर्याय आहे.